उभा फ्रिज, आडवे सल्ले

डोंबिवलीहून बदलापूरला घर हलवताना कपाटं, गाद्या, सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, सगळं निमूट टेम्पोत चढलं. अडला तो फ्रिज. टेम्पोवरच्या ताडपत्रीच्या सळ्यांपेक्षा तो वीतभर उंच निघाला.

"साहेब, आडवा टाकू. वर गाद्या येतील," टेम्पोवाला म्हणाला.

मी आदल्या दिवशीच फ्रिजच्या मेकॅनिकला फोन केला होता, त्यामुळे मला नुकतंच ज्ञान झालेलं होतं. असं ज्ञान फार उतावीळ असतं. मी भर रस्त्यात व्याख्यान सुरू केलं. फ्रिजच्या मागे खाली जो काळा डबा असतो, तो कॉम्प्रेसर. आत मोटर स्प्रिंगांवर बसवलेली आणि तळाशी तिचं तेल. फ्रिज आडवा केला की ते तेल गॅसच्या नळ्यांत शिरतं. लगेच चालू केला तर मोटरला तेल कमी पडतं, आणि गॅस दाबायला बनवलेल्या पंपात तेल आलं तर ते दबत नाही, पंपच मोडू शकतो. शिवाय तेल बारीक कॅपिलरी नळीत अडकलं, तर फ्रिज घुमत राहतो, पण बर्फ काही होत नाही.

टेम्पोवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे ताडपत्री काढायची ना?"

दाराला चिकटपट्टी, कमरेला दोर, अशा थाटात फ्रिज उभ्याने बदलापूरला आला. लिफ्टमध्ये मात्र मावेना. जिन्याच्या वळणावर हमालांनी तो जवळजवळ झोपवला आणि तसाच धरून, कोणी कुठला पाय आधी टाकायचा यावर चर्चा केली. मी पुन्हा मेकॅनिकला फोन लावला.

"उभाच आणला असता तर दोन-तीन तास पुरले असते. पण झोपलाय ना? मग रात्रभर राहू दे. तेल घट्ट असतं, खाली उतरायला वेळ घेतं."

ऐन मे महिन्यातली ती रात्र. काका दर तासाला विचारायचे, "आता उतरलं असेल का रे?" आणि फ्रिजला कान लावायचे. बंद फ्रिजमधून काय ऐकू येणार! सासूबाईंनी दूध आणि इडलीचं पीठ शेजारच्या अनोळखी काकूंकडे ठेवायला नेलं आणि परतल्या त्या सोसायटीतल्या सगळ्यांच्या कुंडल्या घेऊन.

सकाळी पाय फिरवून फ्रिज पुढून किंचित उंच केला, म्हणजे दार आपोआप लागतं. मग बटण दाबलं. टक् करून लगेच बंद पडला असता तर काळजी होती, पण तो संथ घुमू लागला. तासाभराने फ्रीझरच्या भिंतीला गारवा जाणवला.

दुपारपर्यंत पाणी मात्र कोमटच. कारण गार झालंय का हे बघायला घरातला प्रत्येकजण दर पाच मिनिटांनी दार उघडत होता, आणि सर्वांत जास्त काका.