शेपा, या आणि खालची पट्टी

फ्रेंच शिकायचं म्हणून फ्रेंच सिनेमा बघताना माझे डोळे भलते कष्टाळू आणि कान फुकटे. इंग्रजी सबटायटलं लावली की डोळे गोष्ट वाचून मोकळे होतात. फ्रेंच बोलणं कानांना शेजारच्या मिक्सरइतकंच ऐकू येतं. म्हणून पट्टी फ्रेंचचीच लावायची. भाषांतर गेलं, आता कान झक मारत राबतील, असा आपला भाबडा समज.

पण तिथंही डोळेच आधी पोचतात. दोन ओळींचं वाक्य पडद्यावर एकदम उमटतं, नट ते दोन-तीन सेकंदांत म्हणतो. तोवर वाचून झालेलं असतं. कान नुसती सही करतात: हो, असंच म्हणाला.

तेव्हा क्रम उलटा करावा लागतो. तीनेक मिनिटांचा एकच प्रसंग घ्यायचा. आधी पट्टी बंद ठेवून जे ऐकू येईल ते कागदावर उतरवायचं. मग पट्टी लावून ताडून बघायचं, अडलेल्या ओळी मागे नेऊन नटाबरोबर पुटपुटायच्या आणि शेवटी पट्टी पुन्हा बंद. व्हीएलसी प्लेअरवर सिनेमा लावला तर पट्टी `V` ने बदलते नि बंद होते. आवाजाच्या पुढंमागं पळत असेल तर `G` आणि `H` ने सरकवता येते.

ताडून बघताना अब्रू जाते. पट्टीवर 'ज न से पा', म्हणजे 'मला माहीत नाही'. माझ्या कागदावर 'शेपा'. शेपूची भाजी निवडायला बसल्यासारखं. बोलताना मधला 'न' गळतो आणि 'ज' पुढच्या 'स'ला चिकटून 'श' होतो. 'आहे' या अर्थाचं 'इल य आ' तर तोंडी नुसतं 'या' होतं. माणसं सारखी 'या, या' करतात, बसा कुणी म्हणत नाही.

पट्टी वाचून 'अरे, हे तर मला येतं!' असं झालं, तर चूक कानाची. ती ओळ पाच-सहा वेळा ऐकली की सुटते. वाचूनही कळलं नाही, तर शब्दच नवा आहे. तो पन्नासदा ऐकून उपयोग नाही, प्रसंग संपल्यावर कोश उघडावा. दर दुसऱ्या ओळीला असं होत असेल तर सिनेमाच बदलावा.

फ्रेंचमध्ये डब केलेला हॉलिवूडपट मात्र नको. डबिंगचं वाक्य ओठांच्या हालचालीला जुळवलेलं असतं, पट्टीचं वाचायच्या वेगाला. दोन्ही भाषांतरं बरेचदा वेगवेगळी. नट एक म्हणतो, पट्टी दुसरंच, आणि आपण आपल्या कानाला बोल लावतो. मूळ फ्रेंच सिनेमा आणि बहिऱ्या प्रेक्षकांसाठीची पट्टी ही जोडी त्यातल्या त्यात इमानी. फ्रान्सच्या टीव्हीवर ती रंगीत असते: समोर दिसणारा बोलला तर पांढरी, पडद्याबाहेरून कुणी बोललं तर पिवळी, आणि 'दार आपटतं' वगैरे आवाज लाल अक्षरांत. ते लाल तेवढं मला पट्टीशिवाय पहिल्या फेरीतच कळतं.