पाचही इंडिकेटर 'हो' म्हणाले, पण विचारलं कितीजणांना?

प्रतिक्रिया: "चार्ट रिकामा करा हा तुमचा सल्ला अजिबात पटला नाही. माझ्या चार्टवर स्टोकॅस्टिक, विल्यम्स %R, आरएसआय, मॅकडी आणि १२-२६ चे दोन ईएमए आहेत. आरएसआय ५० च्या वर, मॅकडी शून्याच्या वर, १२ चा ईएमए २६ च्या वर, असं सगळं एका बाजूला आलं तरच मी सौदा घेतो. डॉक्टरसुद्धा एकाच तपासणीवर निदान करत नाहीत. पुरावे जितके जास्त तितकी खात्री जास्त, यात चुकलं काय?"

उत्तर:

डॉक्टरांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. डॉक्टर ताप बघतात, रक्त तपासतात, छातीचा फोटो काढायला सांगतात. एकाच काखेत तीन थर्मामीटर लावून "तिघांचंही एकमत आहे" असं म्हणत नाहीत. तुमच्या चार्टवर थर्मामीटर किती आहेत, ते आधी मोजू.

सुरुवात सगळ्यात सोप्या जोडीपासून, म्हणजे स्टोकॅस्टिक (त्याची मुख्य रेषा %K) आणि विल्यम्स %R. गेल्या १४ दिवसांतला उच्चांक ५२०, नीचांक ४८० आणि आजचा बंद भाव ५१२ आहे असं समजा.

```
%K = (512 - 480) / (520 - 480) × 100 = 80
%R = (512 - 520) / (520 - 480) × 100 = -20
```

८० मधून १०० वजा करा, -२० येतात. हा योगायोग नाही. कालावधी सारखा असेल तर रोज, प्रत्येक शेअरला, %R म्हणजे %K वजा १००. एक जण तळापासून उंची मोजतो, दुसरा छतापासून. तुमचा स्टोकॅस्टिक 'स्लो' असेल तर त्यात तीन दिवसांची सरासरी मिसळलेली असते, म्हणून रेषा थोडी वेगळी, जराशी उशिरा वळलेली दिसते. माहिती तीच.

मॅकडीचं तर नावातच आहे, दोन सरासऱ्यांमधलं अंतर. १२ चा ईएमए वजा २६ चा ईएमए म्हणजेच मॅकडीची मुख्य रेषा. ती शून्य ओलांडते त्याच दिवशी वरच्या चार्टवर दोन ईएमए एकमेकांना छेदतात. तुमच्या यादीत ही एकच घटना दोन वेळा मोजली गेली आहे. सिग्नल लाइनचा छेद वापरत असतात तर गोष्ट वेगळी होती. तो अंतर वाढतंय की घटतंय हे सांगतो आणि बराच आधी येतो.

आता आरएसआय. हे मलाही फार उशिरा कळलं. तोवर आरएसआय आणि ईएमए ही दोन वेगळ्या घराण्यांची माणसं आहेत असंच मी धरून चाललो होतो. आरएसआय ५० च्या वर म्हणजे सरासरी वाढ ही सरासरी घटीपेक्षा जास्त. म्हणजेच रोजच्या भावबदलाची सरासरी शून्याच्या वर. ही सरासरी काढण्याची, आरएसआय बनवणाऱ्या वाइल्डर यांची पद्धत अशी की १४ च्या आरएसआयमध्ये ताज्या दिवसाला १/१४ वजन मिळतं. ईएमएमध्ये ताज्या दिवसाचं वजन असतं २/(N+1). दोन्ही सारखी कधी होतात? N = २७ असताना. भावबदलांची अशी सरासरी धन आहे याचा अर्थ २७ चा ईएमए चढतो आहे, आणि ईएमए चढतो तो बंद भाव त्याच्या वर असतो तेव्हाच.

थोडक्यात, "१४ चा आरएसआय ५० च्या वर" हे वाक्य आणि "बंद भाव २७ च्या ईएमएच्या वर" हे वाक्य एकच. अगदी सुरुवातीच्या काही दिवसांत, गणित कुठून सुरू केलं त्यामुळे, किंचित फरक पडेल. तुमच्या चार्टवर २६ चा ईएमए आधीच आहे. भाव त्याच्या वर आहे की खाली, हे डोळ्यांनी दिसत असताना जवळपास तेच खालच्या खिडकीत पुन्हा वाचता आहात. (७०-३० च्या पट्ट्या किंवा डायव्हर्जन्स बघणाऱ्यांना आरएसआय थोडं अधिक सांगतो. पण तुमचा नियम ५० चा आहे.)

हे माझ्या शब्दावर मानू नका. स्प्रेडशीटमध्ये २०० दिवसांचे उच्चांक, नीचांक आणि बंद भाव घ्या, प्रत्येक इंडिकेटरसाठी एक स्तंभ करा, 'हो' असेल तिथे १ आणि 'नाही' असेल तिथे ० लिहा. मग कोणत्याही दोन स्तंभांमध्ये किती दिवस मतभेद झाला ते मोजा:

```
=SUMPRODUCT(--(B2:B201<>C2:C201))
```

मॅकडी आणि ईएमएच्या छेदाच्या स्तंभांत उत्तर ० येईल. ज्या दोघांचे कधी मतभेदच होत नाहीत, त्यांतल्या एकाला चार्टवर ठेवून काहीच मिळत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य आहे. पाच अटी लावल्यावर सौदे कमी होतात आणि उगाच उड्या मारणं थांबतं. पण ते कशामुळे होतं ते पाहा. भाव तळातून वळला की स्टोकॅस्टिक पहिल्या दोन-चार दिवसांतच वर जातो, मग आरएसआय ५० ओलांडतो, आणि १२-२६ चा छेद बहुतेकदा सर्वात शेवटी येतो. "सगळे एकत्र आले तरच" या नियमात सौद्याचा दिवस शेवटी येणाराच ठरवतो. बाकीचे चार काढून फक्त छेदावर सौदे घेतले असते तर गेल्या २०० दिवसांतले किती सौदे बदलले असते, हेही त्याच शीटमध्ये मोजा. फारसे बदलणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

मग ठेवायचं काय? दिशेसाठी एक पुरे, तुमचा २६ चा ईएमए चालेल. दुसरा असा हवा की ज्याला दिशेशी देणंघेणंच नाही. माझी निवड एटीआर. तोही वाइल्डर यांचाच, आरएसआयसोबत १९७८ च्या एकाच पुस्तकात आलेला. गंमत म्हणजे लोकांनी आरएसआयला डोक्यावर घेतलं आणि एटीआर कोपऱ्यात राहिला. दिवसाचा उच्चांक-नीचांक आणि आदल्या दिवशीचा बंद भाव यांतून तो रोजचा सरासरी पल्ला मोजतो. भाव चढो वा पडो, पल्ला सारखा असेल तर एटीआर सारखाच. म्हणून वरच्या पाचांपैकी एकालाही देता येत नाही असं उत्तर तो देतो: किती घ्यायचे आणि स्टॉपलॉस कुठे लावायचा.

तेच उदाहरण पुढे नेऊ. भाव ५१२, एटीआर ६. स्टॉपलॉस दोन एटीआर खाली, म्हणजे ५०० वर. एका सौद्यात ३,००० पेक्षा जास्त गमवायचे नाहीत असं ठरलं असेल तर ३,००० भागिले १२, म्हणजे २५० शेअर. याच भावाच्या दुसऱ्या शेअरचा एटीआर १५ असेल तर स्टॉपलॉस ४८२ वर जातो आणि संख्या १०० वर येते. दोन्हींचा आरएसआय ६० असू शकतो, आरएसआयला हा फरक दिसतच नाही. अर्थात भाव रातोरात स्टॉपलॉसच्या खाली उघडला तर तोटा ३,००० वर थांबणार नाही.

तिसरा म्हणजे उलाढाल. तिच्यासाठी वेगळा इंडिकेटरही नको, व्हॉल्यूमचे खांब आणि त्यांची २० दिवसांची सरासरी एवढं बस. भावातून काढता न येणारी माहिती चार्टवर फक्त इथूनच येते. पण चलनाच्या स्पॉट बाजारात सगळे सौदे एका जागी नोंदले जात नाहीत. तिथे 'व्हॉल्यूम' म्हणून बहुधा भाव किती वेळा हलला याची मोजणी दाखवतात, तेव्हा तिथे हा तिसरा सोडून द्या, दोनच ठेवा.

हे तिघेही एकमेकांपासून पूर्ण तुटलेले नाहीत. मोठ्या बातमीच्या दिवशी पल्ला आणि उलाढाल सोबतच फुगतात. म्हणून मी त्यांची मतं मोजून बेरीज करत नाही. ईएमए सांगतो कोणत्या बाजूला, एटीआर सांगतो किती, आणि उलाढाल सरासरीच्या खाली असेल तर मी त्या दिवशी घेत नाही. तुमच्या शीटमध्ये मतभेदांचे आकडे काय आले ते इथेच लिहा, विशेषतः स्टोकॅस्टिक आणि आरएसआय यांच्यातले. कारण त्या जोडीत तुमचं म्हणणं थोडं खरं निघण्याची शक्यता आहे.