पासबुकातला ओव्हरड्राफ्ट आणि ‘सगळं उलटं करा’ हा सल्ला

“पासबुकात ओव्हरड्राफ्ट असेल तर डोकं लावायचंच नाही. कॅशबुकावरून बँक जुळवणी पत्रक करताना जे मिळवतो ते वजा करायचं, जे वजा करतो ते मिळवायचं. जुना चेक म्हणजे न वटलेलाच चेक, तो यादीत तसाच ठेवायचा आणि वर्ष उलटलं की उत्पन्नात टाकायचा. बँकेने परस्पर कापलेले पैसे पत्रकात दाखवले की झालं. पत्रक जुळलं, काम संपलं.”

छोट्या व्यापाऱ्यांची खाती लिहिताना या सल्ल्याने झालेला गोंधळ मी अनेकदा निस्तरला आहे. म्हणून एकेका वाक्याला आकड्यांसह उत्तर देतो. हार्डवेअरचं एक दुकान घेऊ. ३० जून २०२५ रोजी पासबुकात ₹१,८४,३५० ओव्हरड्राफ्ट आहे, म्हणजे शिल्लकेपुढे Dr छापलेलं आहे. दुकानदाराने दिलेले पण बँकेत न आलेले चेक दोन: ₹३२,५०० चा २६ जूनचा आणि ₹९,५०० चा १२ फेब्रुवारीचा. ३० जूनला दुपारी भरलेला ₹२७,००० चा चेक अजून जमा झालेला नाही. बँकेने ओव्हरड्राफ्टचं व्याज ₹१,७२० आणि टेम्पोच्या कर्जाचा हप्ता ₹१४,६०० परस्पर कापला आहे. या दोन्ही नोंदी कॅशबुकात नाहीत.

आधी चिन्हांचं बघू. ‘उलटं करा’ या सूत्रात एकदाच उलटायचं असं गृहीत आहे. पण कॅशबुकातल्या धन शिल्लकेवरून पासबुकाच्या ओव्हरड्राफ्टवर आलं की दोन गोष्टी बदलतात: सुरुवातीचं पुस्तक आणि शिल्लकेची बाजू. दोन्हींमुळे चिन्ह एकेकदा उलटतं आणि पुन्हा मूळ जागी येतं. म्हणजे न वटलेले दिलेले चेक इथेही मिळवायचेच, भरलेला पण जमा न झालेला चेक वजा करायचा आणि परस्पर कापलेली रक्कमही वजाच करायची.

पाठांतरापेक्षा एक प्रश्न विचारावा. ओव्हरड्राफ्ट म्हणजे आपण बँकेला लागतो ते देणं, तर हे देणं कोणत्या पुस्तकात जास्त दिसतंय? ₹३२,५०० चा चेक आपण कॅशबुकात लिहून मोकळे झालो, बँकेला मात्र तो अजून माहीत नाही. म्हणून कॅशबुकातलं देणं मोठं, तेव्हा मिळवा. हप्ता बँकेने कापला, आपण लिहिलाच नाही. म्हणून कॅशबुकातलं देणं लहान, तेव्हा वजा करा.

पासबुकाप्रमाणे ओव्हरड्राफ्ट: १,८४,३५०
मिळवा, न वटलेले दिलेले चेक: ४२,०००
वजा, जमा न झालेला चेक: २७,०००
वजा, व्याज आणि हप्ता: १६,३२०
कॅशबुकाप्रमाणे ओव्हरड्राफ्ट: १,८३,०३०

‘सगळं उलटं’ केलं तर उत्तर येतं १,८५,६७०. फरक फक्त २,६४० चा, आणि धोका नेमका तिथेच आहे. चुका एकमेकींना खात गेल्यामुळे फरक किरकोळ दिसतो, मग कोणीतरी तो सस्पेन्स खात्यात ढकलून मोकळं होतं. असा फरक आला की त्याची निम्मी रक्कम काढा. इथे ती १,३२० येते. सगळ्या बाबींची निव्वळ बेरीजही (४२,००० वजा २७,००० वजा १६,३२०) नेमकी तेवढीच उणे येते. तेव्हा एकही रक्कम सुटलेली नाही, सगळी चिन्हंच उलटी पडली आहेत हे ओळखता येतं.

आता जुना चेक. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाप्रमाणे १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे. त्याआधी ती सहा महिने होती, आणि काही जण अजूनही तेवढीच धरून चालतात. १२ फेब्रुवारीचा चेक ३० एप्रिलच्या पत्रकात न वटलेला म्हणून योग्यच होता. ३० जूनला मात्र त्याची मुदत संपली आहे. तो आता वटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, तेव्हा त्याला ‘न वटलेला’ म्हणून पुढे पुढे नेणं चूक आहे. कॅशबुकात बँक खातं नावे आणि पुरवठादाराचं खातं जमा, अशी ₹९,५०० ची नोंद करावी. त्याआधी पुरवठादाराला एक फोन मात्र कराच. त्याच चेकवर तारीख बदलून, सही करून तो पुन्हा चालू करून दिला असेल तर उलट नोंद करायची नाही. तारखेची अशी दुरुस्ती बँकेच्या नियमांत बसते.

ही नोंद ३० जूनच्याच तारखेला करा. फेब्रुवारीचं व्हाउचर खोडू नका. ते मागच्या आर्थिक वर्षातलं आहे, आणि ते काढलं तर ३१ मार्चची बँक शिल्लक आणि पुरवठादाराचं देणं दोन्ही बदलतं.

आणि ‘उत्पन्नात टाका’ हे तर मुळीच नको. चेक शिळा झाला म्हणजे देणं फिटलं असं होत नाही. माल घेतलाय, पैसे गेलेले नाहीत. शिवाय जीएसटीत पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे पोचले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. हे बिल २० जानेवारीचं असेल तर ही मुदत जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. यादीत निवांत पडून राहिलेल्या चेकने ही तारीख झाकली जाते.

परस्पर कपातीचंही तसंच आहे. पत्रक हे पुस्तक नव्हे. त्यात दाखवलेल्या रकमेने कुठल्याही खात्यात नोंद होत नाही. व्याज व्याजखर्चात जायला हवं. हप्त्याचे दोन भाग असतात, म्हणून कर्जाचा तक्ता बघून मुद्दल (समजा ₹११,९००) कर्ज खात्यात आणि उरलेले ₹२,७०० व्याजात नावे टाकावेत. या नोंदी राहिल्या तर खर्च कमी आणि कर्ज जास्त दिसत राहतं. पुढच्या महिन्यात पुन्हा एक हप्ता कापला जातो आणि पत्रकातली ही ओळ लांबत जाते.

म्हणून मी कॅशबुक आधी दुरुस्त करतो. १,८३,०३० च्या ओव्हरड्राफ्टमध्ये व्याज आणि हप्ता मिळवला की १,९९,३५० होतात, शिळ्या चेकचे ९,५०० वजा केले की १,८९,८५०. मग पासबुकावरून पत्रक अगदी लहान होतं: १,८४,३५० अधिक ३२,५०० वजा २७,०००, उत्तर १,८९,८५०. पत्रकात फक्त वेळेच्या फरकाच्या बाबी उरतात. ताळेबंदात जाणारा आकडा हाच, आधी जुळलेला १,८३,०३० नव्हे. दोन्ही पत्रकं जुळतात, तरी त्यांत ६,८२० चा फरक आहे.

खात्याची मर्यादा दोन लाख असेल तर पासबुक बघून ₹१५,६५० उचलता येतील असं वाटतं. पण ₹२७,००० जमा होण्याआधी ₹३२,५०० चा चेक आला तर देणं २,१६,८५० वर जातं आणि मर्यादा ओलांडली म्हणून चेक परत येऊ शकतो. चेक असा परत येणंही चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ मध्ये धरलं आहे. तेव्हा ३० जूनचं पत्रक हातात असेल तर १ जुलैला सकाळी सर्वांत आधी ₹२७,००० जमा झाले का ते बघावं.