"तू कोणाचा रे बाळा?"

आत्ताच फ्लॅटचं रजिस्ट्रेशन करून घरी आलेय, चहा पण घेतला नाहीये, आणि व्हॉट्सॅपवर आमच्या एका नातलगांचा मेसेज, "एवढा वेळ? एजंटवर सोडलं असतं तर अर्ध्या तासात मोकळी झाली असतीस." डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

तर मी ज्या बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं भाड्याने राहिले तिथलाच पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, काका-काकूंचा. दोघं मुलाकडे नाशिकला चाललेत. गावची जागा विकून पैसे आले होते त्यामुळे लोन नाही, आधी ॲग्रीमेंट मग खरेदीखत असा दोनदा खेळ नाही, थेट खरेदीखत. व्यवहार 62 लाखाचा. एजंट काकांच्या ओळखीतला, त्यांनीच आणलेला. माणूस वाईट नाही. पण "ताई, तुम्ही फक्त सही आणि अंगठ्याला या, बाकी आपलं सेटिंग असतं" हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की तिथेच मला खटकायला लागलं होतं.

आज ऑफिसात टोकन लागलं, आत बोलावलं. काकू खुर्चीत बसल्या. त्यांच्या मागे एक विशीतला पोरगा येऊन उभा राहिला, छान भांग पाडलेला, हातात आधारची झेरॉक्स. काकूंना वाटलं माझा भाचाबिचा असेल. त्यांनी मान वळवून प्रेमाने विचारलं, "तू कोणाचा रे बाळा?"

पोरगा लाजला. एजंट म्हणाला, "आजी, तो तुमचा साक्षीदार आहे."

हसले सगळे. मी पण हसले असते, पण त्या गोषवाऱ्यावर काय छापलेलं असतं ते मी आदल्या रात्री मैत्रिणीच्या जुन्या दस्तात वाचलं होतं. दस्त रजिस्टर झाला की मागे सिस्टिमची पानं लागतात, दस्त गोषवारा भाग 1, भाग 2. भाग 2 वर सगळ्या पक्षकारांचे फोटो आणि अंगठे. आणि त्याच्या खाली एक वाक्य असतं, की खालील इसम असे निवेदीत करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तीशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात. त्याखाली त्या दोघांचे फोटो, अंगठे. व्यक्तीशः ओळखतात! आणि इथे काकू विचारतायत तू कोणाचा.

आता म्हणाल, एवढं काय त्यात, अंगठा घेतात की, बायोमेट्रिक आहे. हाच तर गैरसमज आहे! तो अंगठा आपण बँकेत किंवा रेशनच्या मशीनवर देतो तसा तिथल्या तिथे कशाशी जुळवून बघतात असं सगळ्यांना वाटतं. आज काकूंचा अंगठा घेतला तो नुसता घेतला. वेबकॅमने फोटो, स्कॅनरवर अंगठा, दोन्ही दस्तावर छापलं, झालं. उद्या भांडण कोर्टात गेलं तर तो उपयोगी पडेल, की बाबा खुर्चीत बसलं होतं ते माणूस कोण होतं. पण आज, त्या क्षणी, खुर्चीतल्या बाई म्हणजे फ्लॅटच्या मालकीणबाईच आहेत हे कोण सांगतंय? एक त्यांचं आधार-पॅन, जे टेबलावरून नजर टाकून पुढे सरकतं. आणि दुसरे ते दोघे ओळख पटवणारे. म्हणजे तो लाजलेला पोरगा. खोटा मालक उभा करून दस्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि "अरे बापरे, कसं काय झालं" म्हणतो. असं झालं!!

आणि त्या पोराला तरी कोणी सांगितलंय का, की नोंदणी कायद्याच्या कलम 82 खाली असं खोटं सांगणं, तोतया उभा करणं किंवा त्यात मदत करणं याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे? दिवसातून किती जणांना तो "व्यक्तीशः ओळखतो" देव जाणे. पोटासाठी करतो, त्याच्यावर राग नाहीये माझा. राग आहे तो त्याला उभा करणाऱ्यांवर आणि आपल्यावर, जे ह्याला सोय म्हणतो.

मी म्हटलं, हा नको, आमची माणसं आलीयेत. आणली होतीच मी, सोसायटीचे सेक्रेटरी दादा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी. दादा काकांना पंचवीस वर्षं ओळखतात, मावशी आणि काकू एका भिशीत आहेत. एजंटचं तोंड असं झालं की जसं मी त्याच्या खानदानावर संशय घेतला. "ताई, त्यांचे डिटेल्स एन्ट्रीत नाहीयेत, आता बदलायला लागेल, टोकन जाईल." टोकन गेलं नाही. ऑपरेटर मुलीने नाक मुरडलं, पण दोघांची नावं, वय, पत्ता पाच मिनिटात बदलून दिले. ओरिजिनल आधार दोघांनी आणलं होतं म्हणून निभावलं, झेरॉक्सवर अडलं असतं.

हां, मान्य आहे, परगावातल्या माणसाला अनोळखी शहरात दोन माणसं कुठून मिळणार. मिळत नाहीत कधी कधी. आणि बिल्डरकडून नवा फ्लॅट असेल तर बऱ्याच ठिकाणी बिल्डरच्या ऑफिसातूनच ई-रजिस्ट्रेशन होतं, तिथे गोष्ट वेगळी. पण रिसेलमध्ये, जिथे विकणारा एक म्हातारा माणूस आहे, तिथे तरी?

"एजंटवर सोडलं असतं" म्हणणाऱ्यांसाठी स्टॅम्प ड्युटीचा किस्सा पण सांगून टाकते. ड्युटी व्यवहाराच्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने येणाऱ्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागते. आमच्याकडे पुणे महापालिका हद्दीत 7 टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, म्हणजे 6. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली (आमच्याकडे त्यावरून अर्धा दिवस अबोला होता, ते असो). तर एजंटने मूल्यांकन काढून पाठवलं 68 लाख. म्हणजे 6 टक्क्याने 4,08,000. मी म्हटलं, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आणि सरकारच्या हिशोबात आमच्या व्यवहारापेक्षा महाग? ते मूल्यांकनाचं पान नीट बघितलं तर बिल्डिंगचं वय 0 ते 2 वर्षं टाकलेलं! आमची बिल्डिंग 26 वर्षांची आहे हो. वय टाकलं की घसारा मिळतो. जमिनीच्या दराला नाही, बांधकामाच्या भागाला फक्त, पण तरी फरक पडतोच. वय बरोबर टाकल्यावर किंमत 62 च्या खाली आली, मग ड्युटी 62 लाखावर, 3,72,000. छत्तीस हजार वाचले. जुन्या टॅक्स पावतीवरून आणि भोगवटा दाखल्यावरून वय दाखवता येतं, बस्स. चलन भरायच्या आधी बघितलं म्हणून, कारण एकदा भरलं की परतावा मागत बसा. रजिस्ट्रेशन फी वेगळी, एक टक्का पण जास्तीत जास्त 30,000, तिथे वाद नाही.

एजंट म्हणाला, "डिफॉल्ट येतं ताई ते." डिफॉल्ट!

बरं, राग जरा उतरलाय, चहा आला. पुढचं सांगते.

कबुलीच्या वेळी रजिस्ट्रार साहेबांनी काकूंना विचारलं, दस्त वाचला का, पैसे मिळाले का, मर्जीने देताय का. साहेब चांगले होते, हे म्हटलंच पाहिजे, मोठ्याने, सावकाश विचारलं. काकू म्हणाल्या, "हो, सगळं मिळालं." मग अंगठा. येईचना. स्कॅनरवर ठेवला की लाल. पुसला, लाल. दुसऱ्यांदा, लाल. आयुष्यभर भांडी घासून, पापड लाटून रेषाच राहिल्या नव्हत्या. काकू कानकोंड्या झाल्या, मला म्हणतात, "माझ्यामुळे तुझं अडणार का गं?" मागच्या रांगेतला एकजण चुकचुकला पण. मग ती नाक मुरडणारीच ऑपरेटर मुलगी उठून आली, म्हणाली, "आजी, कपाळावर घासा अंगठा, केसांवर घासा, तेल लागू दे." काकूंनी घासला, तिने त्यांचं बोट स्वतःच्या हाताने धरून सपाट दाबलं, आला! मघाशी तिच्यावर चिडले होते ते सगळं माफ. नसता आला तर दुसऱ्या बोटाचा घेतो म्हणाली, आणि तसं दस्तावर लिहितात. म्हणजे घाबरण्यासारखं नव्हतंच, पण हे आधी कोणी सांगतं का? घरात वयस्कर असतील तर आदल्या दिवसापासून हाताला तेल, क्रीम काहीतरी लावायला सांगा, कोरडा अंगठा उठत नाही.

आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. काकूंचे गुडघे. कायद्यात गृहभेटीची सोय आहे, आजारी किंवा येऊ न शकणाऱ्या माणसाच्या घरी अर्ज करून अधिकारी येऊ शकतात. एजंटने कधी तोंडातून काढलं नाही. मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "सरकारी माणसं घरी कशाला, येते ती." आली. मावशींनी एका हाताने जिना चढवला, दादांनी दुसऱ्या. आता मला सांगा, भाड्याच्या साक्षीदाराने धरलं असतं का काकूंना? बहुतेक धरलं असतं खरं म्हणजे, पोरगा चांगला होता. जाताना त्यानेच काकूंच्या चपला पुढे केल्या. काकू त्याला म्हणाल्या, "चांगलं शीक हं." त्याला काय साक्षीदार म्हणून शीक म्हणाल्या की काय माहीत नाही.

पण तरी. त्या वाक्याखाली त्याचा फोटो छापायला मी देणार नव्हते.

सूची 2, म्हणजे नोंदणीचा उतारा, मिळाली, घरी येऊन वाचली, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, नावं बरोबर आहेत. ही पण तिथेच काउंटरवर वाचा, नंतर चूक निघाली तर चूकदुरुस्ती पत्र, परत तेच सगळे लोक, परत तोच जिना. आणि विकणारे तोपर्यंत नाशिकला.

एजंटचं बिल पण आलंय. त्यात एक ओळ, "साक्षीदार 2". कापून पाठवलंय. बघू काय म्हणतो.

वहिनी, तुमचं पुढच्या महिन्यात आहे ना? मला सांगा, मी येते ओळख पटवायला, आधार ओरिजिनल घेऊन. दुसरं कोण ते तुम्ही बघा, भाऊजींचा मित्र चालेल, पण तुमच्या घरी एकदा तरी जेवलेला असावा. फक्त बुधवार नको, माझी सुट्टी नसते.