फेरीवाले की फुटपाथ? प्रश्नच चुकीचा आहे!

संपादक महोदय,

दिवाळी जवळ आली की आपल्या पानावर तोच वाद ठरलेला: ‘फेरीवाले हवेत की मोकळे फुटपाथ?’ नगरसेवकही सभागृहात हेच विचारतात. अहो, दोनच पर्याय आहेत हे ठरवलं कुणी?

२०१४ चा फेरीवाला कायदा तिसरीच वाट सांगतो. आधी शहर फेरीवाला समिती नेमायची, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले. मग तिने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, तेही दर पाच वर्षांनी निदान एकदा. मग कुठे बसायला मोकळीक, कुठे ठरावीक वेळीच परवानगी आणि कुठे पूर्ण बंदी, हे जागेनुसार ठरवायचं.

आमच्या स्टँडसमोरचंच बघा. सकाळी साडेसहा ते नऊ भाजीवाल्या मावशी बसतात, तेव्हा समोरच्या दुकानांची शटरं बंद असतात आणि फुटपाथवर माणूस आरामात चालतो. खरी कोंडी संध्याकाळी, तीही दुकानदारांनी बाहेर मांडलेल्या मालामुळे आणि आडव्या लावलेल्या दुचाक्यांमुळे. मावशींना सकाळची वेळ ठरवून द्या, संध्याकाळी तो पट्टा मोकळा ठेवा. दोन्ही साधतं!

पण नाही. गाडी येते, मेथीच्या जुड्या उचलून नेते, चार दिवसांनी सगळं पुन्हा जैसे थे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवू नये, असं कायदाच सांगतो. मग आमच्या गावातलं सर्वेक्षण कधी झालं आणि समितीची बैठक कधी भरली, एवढं तरी नगरपालिकेला विचारून छापा.

– एक त्रस्त वाचक