ग्रेटिंगच्या दाट रेषा आणि ऑर्डरची संख्या

दावा: "ग्रेटिंगवर रेषा जितक्या दाट, तितक्या जास्त ऑर्डर दिसतात आणि विभेदनक्षमताही तितकीच वाढते."

ग्रेटिंग म्हणजे समान अंतरावर बारीक रेषा आखलेली पट्टी, आणि ऑर्डर म्हणजे तिच्यातून गेलेल्या प्रकाशाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना क्रमाने दिसणाऱ्या रेषा. दाव्याचा पहिला भाग सरळ उलटा आहे. प्रकाश लंब पडत असेल तर d sinθ = mλ; d म्हणजे दोन रेषांमधलं अंतर, θ प्रकाश वळल्याचा कोन, m ऑर्डरचा क्रमांक, λ तरंगलांबी. आणि sinθ काही 1 च्या पुढे जात नाही. मिलिमीटरला 600 रेषा म्हणजे d = 1667 नॅनोमीटर. त्याला सोडियमच्या प्रकाशाच्या तरंगलांबीने, 589 नॅनोमीटरने भागा: 2.83. इथे 3 धरायचे नाहीत (परीक्षेत गुण इथेच जातात). बाजूला दोनच ऑर्डर, मधली धरून एकूण 5. रेषा 300 केल्या तर 5.66, म्हणजे एकूण 11.

विभेदनक्षमता, म्हणजे जवळच्या दोन तरंगलांबी सुट्या दाखवण्याची क्षमता, R = mN; यातला N म्हणजे प्रकाश पडलेल्या एकूण रेषा. सोडियमच्या 589.0 आणि 589.6 या जोडरेषा सुट्या दिसायला R सुमारे 1000 हवी. प्रकाशझोत 1 मिलिमीटर रुंद असेल तर 600 वाली दुसऱ्या ऑर्डरला 1200 देते, 300 वाली पाचव्या ऑर्डरला 1500. विरळ ग्रेटिंगच वरचढ! (पाचवी ऑर्डर अंधूक असते, ते वेगळं.) कमाल मर्यादा W/λ, W म्हणजे झोताची रुंदी; इथे ती मर्यादा साधारण 1700, ती वाढवायची तर झोत रुंद करा. दुर्बिणीतही तारे सुटे दिसतात ते भिंगाच्या व्यासामुळे, नुसतं वर्धन वाढवून नव्हे.