वेळ हवा असल्यास शुक्राला पुढे करावे

आलेल्या स्थळाचा विचार करायला वेळ हवा असेल, तर तो कृपया स्वतःच्या नावावर मागू नये. 'माझे अजून ठरत नाही' हे वाक्य घरात कोणालाही ऐकू जात नाही. ऐकू जाते ते 'दुसरे कोणी आहे का?', आणि मग पुढचे आठ दिवस तुम्ही त्याचाच खुलासा करत बसता.

समजा, गणपती विसर्जनाच्या सुमारास रविवारी मंडळी पोहे खाऊन गेली, तुम्ही दोघे गच्चीवर वीस मिनिटे बोललात, आणि सोमवारी चहाच्या आधीच मध्यस्थ काकांचा फोन आला की तिकडून होकार आहे, तुमचे आजच कळवा. चातुर्मास चालू असल्यामुळे तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक घरी मुहूर्त धरणार नाहीत, हे काकांनाही ठाऊक असते. पण घाई लग्नाची नसतेच, पितृपक्ष लागण्याआधी सुपारी फोडण्याची असते. एकदा सुपारी फुटली, याद्या झाल्या आणि कार्यालयाला आगाऊ रक्कम गेली, की तुमच्या शंकेला 'ठरलेले मोडणे' असे भारदस्त नाव मिळते.

म्हणून शहाण्याने ग्रहांचा आधार घ्यावा. शुक्राचा अस्त असेल तर संध्याकाळपर्यंतही न थांबणारे हेच काका कित्येक आठवडे आनंदाने थांबतात, आणि शुक्राला दुसरे कोणी आहे का, असे एकदाही विचारत नाहीत. पत्रिकाही उपयोगी पडते. 36 पैकी 18 गुण जुळले की पुरे. त्या 36 मध्ये नाडीला 8 गुण आहेत आणि त्या माणसाशी पुन्हा बोलावेसे वाटते का, याला एकही नाही. दुर्दैवाने एकनाडी निघालीच, तरी तिचा परिहार सांगणारे गुरुजी पुढच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे या उपायावर फार विसंबू नये.

एक मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा. पंधरा दिवसांची निश्चित तारीख मागून घेणे, तेवढ्यात वडीलधाऱ्यांशिवाय दोनदा भेटणे, नोकरी कोणत्या शहरात, घरकर्जाचा हप्ता किती आणि आईवडील कोणाजवळ राहणार हे विचारणे, आणि त्या दिवशी होकार किंवा नकार नक्की कळवण्याचा शब्द देणे, हा तो अविचारी मार्ग होय. 'बघू' म्हटले की रोज विचारणा करता येते. तारीख दिली की आईला विचारायला काही उरत नाही. शिवाय हे सारे काकांना वडिलांनी स्वतः फोन करून सांगावे लागते, आणि रक्तदाबाची गोळी घेणे त्यांना त्यापेक्षा सोपे वाटते.

तरीही वडिलांनी धीर करून फोन लावलाच, तर काका क्षणभर गप्प होतील, पंचांगाचे पान उलटतील आणि म्हणतील, "पंधरा दिवस ना? चालेल. तसाही पितृपक्षच आहे."